पंधरा नाणी तेवीस नाण्यांना हरवतात तेव्हा

पत्ते विकत घेत आपला गठ्ठा खेळतानाच घडवायचा, असे डेक बिल्डिंग खेळ नव्यानं खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एक गोष्ट चुकीची वाटते. समोरचा खेळाडू पैसे देऊन एक पत्ता घेतो आणि पुढच्या एखाद्या पाळीला तो वापरून स्वतःचेच चार पत्ते कायमचे खेळाबाहेर टाकतो. त्या पाळीला तो काहीच विकत घेत नाही. आपण मात्र प्रत्येक पाळीला काहीतरी विकत घेतलेलं असतं, आपला गठ्ठा जाड झालेला असतो. तरीही पाच-सहा पाळ्यांनंतर मोठी खरेदी तोच करू लागतो आणि आपण एका नाण्यानं कमी पडत राहतो. असं का होतं, हे इथे आकडे मांडून पाहू. गणित बेरीज-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

उदाहरणासाठी मी ‘डॉमिनियन’ घेतो. डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांचा हा खेळ २००८ साली आला आणि डेक बिल्डिंग हा प्रकार त्यानंच रूढ केला. त्याचे नियम इतके उघडे आहेत की जाड-बारीक गठ्ठ्याचा हिशेब त्यात स्वच्छ दिसतो.

प्रत्येक खेळाडू १० पत्त्यांनी सुरुवात करतो. त्यात ७ कॉपर असतात, प्रत्येकी १ नाण्याचे, आणि ३ इस्टेट. इस्टेट शेवटी १ गुण देते, पण खेळ चालू असताना तिचा काहीही उपयोग नसतो. ती हातात येते, जागा अडवते आणि जाते. दर पाळीला हातात ५ पत्ते असतात. त्यातून एक अॅक्शन पत्ता, म्हणजे काहीतरी खास करू देणारा पत्ता, खेळता येतो, नंतर एक पत्ता विकत घेता येतो, आणि पाळी संपली की वापरलेलं-न वापरलेलं सगळं आपल्या टाकलेल्या ढिगात जातं. नवीन घेतलेला पत्ताही तिथेच जातो. ओढायचा गठ्ठा संपला की टाकलेला ढीग पिसायचा आणि पुन्हा ओढायला लागायचं. उरलेली नाणी पुढच्या पाळीसाठी राखून ठेवता येत नाहीत, हे विशेष लक्षात घ्या. हातात ७ नाणी असतील आणि हवा असलेला पत्ता ८ चा असेल, तर ती ७ नाणी उद्याच्या कामाला येत नाहीत.

सिल्व्हर ३ नाण्यांना मिळतो आणि २ नाणी देतो. गोल्ड ६ ला मिळतो आणि ३ देतो. जिंकवून देणारा मुख्य पत्ता म्हणजे प्रॉव्हिन्स. त्याची किंमत ८, गुण ६. दोघांच्या खेळात प्रॉव्हिन्स फक्त ८ असतात आणि ते संपले की खेळ संपतो.

आता मूळ मुद्दा. तुमच्याकडे एकूण किती नाणी आहेत, याला या खेळात फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो पाच पत्त्यांत किती नाणी येतात याला. म्हणजे सरासरीला. सुरुवातीला १० पत्त्यांत ७ नाणी, म्हणजे पत्त्यामागे ०.७ आणि हातामागे ३.५. प्रॉव्हिन्ससाठी हातात ८ हवीत, म्हणजे पत्त्यामागे १.६. पूर्ण खेळ हा ०.७ पासून १.६ पर्यंत पोहोचण्याचा प्रवास आहे. सरासरी वाढवायचे मार्ग दोनच: वरचे पत्ते आत आणायचे, किंवा खालचे बाहेर काढायचे. नवखा खेळाडू पहिलाच मार्ग पाहतो, कारण विकत घेणं डोळ्यांना दिसतं. इस्टेट बाहेर गेल्यानं झालेला फायदा दिसत नाही, कारण तो ‘न आलेल्या’ पत्त्याचा फायदा असतो.

दोन खेळाडू घेऊ. एकाला जमवणारा म्हणू, दुसऱ्याला छाटणारा. दोघांनाही पहिल्या पाळीला ४ आणि दुसऱ्या पाळीला ३ नाणी मिळाली असं धरू.

जमवणारा दोन्ही पाळ्यांना सिल्व्हर घेतो. छाटणारा पहिल्या पाळीला सिल्व्हर घेतो आणि दुसऱ्या पाळीला चॅपल. चॅपल २ नाण्यांचा अॅक्शन पत्ता आहे. तो खेळला की हातातले जास्तीत जास्त ४ पत्ते कायमचे बाद करता येतात, म्हणजे ट्रॅश करता येतात. स्वतः तो एकही नाणं देत नाही.

तिसऱ्या पाळीला छाटणाऱ्याच्या हातात चॅपल, दोन इस्टेट आणि दोन कॉपर येतात. तो चॅपल खेळतो आणि चारही पत्ते बाद करतो. हातात काही उरत नाही, त्यामुळे तो काहीच विकत घेत नाही. जमवणाऱ्यानं त्याच पाळीला तिसरा सिल्व्हर घेतलेला असतो. या क्षणी जमवणाऱ्याच्या १३ पत्त्यांत १३ नाणी आहेत, हातामागे बरोबर ५. छाटणाऱ्याच्या ८ पत्त्यांत ७ नाणी, हातामागे जेमतेम ४.४. इथे पाहणाऱ्याला छाटणारा मागे पडल्यासारखा वाटतो, आणि तो खरोखरच मागे असतो.

चौथ्या पाळीला छाटणाऱ्याला ५ नाणी मिळतात, तो सिल्व्हर घेतो. पाचव्या पाळीला चॅपल परत हातात येतो. त्याच्यासोबत शेवटची इस्टेट, दोन कॉपर आणि एक सिल्व्हर. तो इस्टेट आणि एकच कॉपर बाद करतो, उरलेल्या ३ नाण्यांत आणखी एक सिल्व्हर घेतो. आता त्याच्याकडे ८ पत्ते आणि १० नाणी आहेत, हातामागे ६.२५. जमवणाऱ्यानं या दोन पाळ्यांत आणखी दोन सिल्व्हर घेतले, तो १५ पत्ते आणि १७ नाण्यांवर आहे, हातामागे ५.७ च्या आसपास. म्हणजे पाचव्या पाळीलाच पारडं फिरलं.

सहाव्या आणि सातव्या पाळीला दोघांनाही गोल्ड परवडतो असं धरू. जमवणाऱ्याच्या सरासरीच्या मानानं हे थोडं उदार आहे, पण त्याला नशिबाची साथ देऊ. छाटणारा सातव्या पाळीला हातातला आणखी एक कॉपर बाद करून उरलेल्या ६ नाण्यांत गोल्ड घेतो.

सात पाळ्यांनंतरची स्थिती अशी. जमवणाऱ्याकडे ७ कॉपर, ३ इस्टेट, ५ सिल्व्हर आणि २ गोल्ड: १७ पत्ते, २३ नाणी, हातामागे ६.८. छाटणाऱ्याकडे ३ कॉपर, ३ सिल्व्हर, २ गोल्ड आणि तो चॅपल: ९ पत्ते, १५ नाणी, हातामागे ८.३. नाणी ८ नं कमी असूनही छाटणारा सरासरी हातात प्रॉव्हिन्स घेऊ शकतो. जमवणाऱ्याला त्यासाठी सरासरीपेक्षा चांगला हात यावा लागतो.

दुसरा फायदा या आकड्यांत दिसत नाही, पण तो तितकाच मोठा आहे. ९ पत्त्यांचा गठ्ठा दोन पाळ्यांच्या आत पूर्ण फिरतो. १७ पत्त्यांना साडेतीन पाळ्या लागतात. दोघांकडेही दोनच गोल्ड आहेत, पण छाटणाऱ्याला तेच गोल्ड जवळपास दुप्पट वेळा हातात मिळतात. एकच किंमत देऊन तो पत्ता जास्त वेळा वापरतो. बारीक गठ्ठ्यात आज घेतलेला पत्ता लगेच कामाला येतो, म्हणून पुढची खरेदीही लवकर मोठी होते.

ही मांडणी इथेच सोडली तर ती अर्धी राहील, कारण बारीक गठ्ठ्याची एक दुखरी जागा आहे. प्रॉव्हिन्स गुण देतो, पण नाणी शून्य. म्हणजे गठ्ठ्याच्या दृष्टीनं तोही इस्टेटच. छाटणाऱ्यानं आठव्या पाळीला प्रॉव्हिन्स घेतला, तर त्याची १५ नाणी १० पत्त्यांत वाटली जातात आणि हातामागची सरासरी ८.३ वरून थेट ७.५ वर येते. जमवणाऱ्यानं एक प्रॉव्हिन्स घेतला तर तो ६.८ वरून ६.४ वर येतो. पातळ गठ्ठ्यात प्रत्येक भर जास्त जाणवते, चांगली आणि वाईट दोन्ही. त्यामुळे मला वाटतं छाटणाऱ्यानं आठव्या पाळीला मोह आवरून आणखी एक गोल्ड घ्यावा. मग १० पत्त्यांत १८ नाणी, हातामागे ९. पहिल्या प्रॉव्हिन्सनंतरही तो ८.२ वर राहतो आणि दुसऱ्यानंतर ७.५ वर. एक पाळी उशीर झाला, पण पुढचे हात टिकतात. छाटणी करून हरणारे बहुतेक लोक इथेच हरतात. गठ्ठा छान होतो, पहिला प्रॉव्हिन्स लवकर मिळतो, आणि मग हात ६-७ नाण्यांवर अडकतात.

बारीक गठ्ठ्याची खरी ताकद पत्ते ओढणाऱ्या पत्त्यांसोबत दिसते. लॅबोरेटरी ५ नाण्यांना मिळते. ती खेळली की २ पत्ते ओढायचे आणि आणखी एक अॅक्शन खेळायची मुभा मिळते. आता कल्पना करा की छाटणी पूर्ण होऊन तुमच्याकडे ३ गोल्ड, २ सिल्व्हर, २ लॅबोरेटरी आणि चॅपल एवढे आठच पत्ते उरले आहेत. पहिल्या पाच पत्त्यांत एक जरी लॅबोरेटरी आली, तरी नाणी देणारे पाचही पत्ते त्याच पाळीला हातात येतात. हे एकदा पत्ते मांडून करून पाहा. दुसरी लॅबोरेटरी ओढली गेली तर ती खेळून उरलेला पत्ताही मिळतो, आणि ओढली गेली नाही तर राहिलेला एकमेव पत्ता तीच असते. म्हणजे १३ नाणी. एकही लॅबोरेटरी न येण्याची शक्यता सुमारे ११ टक्के आहे, आणि तेव्हाही किमान १० नाणी हातात असतात. इथे नशीब जवळजवळ खेळाबाहेर गेलेलं असतं. याच दोन लॅबोरेटरी १७ पत्त्यांच्या गठ्ठ्यात असत्या, तर त्यांनी ओढलेल्या पत्त्यांत बरेचदा इस्टेट आणि कॉपरच आले असते.

आता खरेदी कधी टाळायची, हे याच हिशेबातून निघतं. नियमानुसार खरेदी ही मुभा आहे, सक्ती नाही. हातात नाणी आहेत म्हणून काहीतरी घ्यायचं, ही सवय सर्वात आधी मोडायला हवी.

सर्वात सोपं उदाहरण कॉपरचं. तो फुकट मिळतो. १ नाणं देतो म्हणजे फायदाच, असं वाटतं. पण तुमची सरासरी १ च्या वर गेली की प्रत्येक कॉपर ती खाली ओढतो, आणि जायचं आहे १.६ ला. २ नाणी हातात आली आणि घेण्यासारखं काही नसेल, तर काहीही न घेता पाळी सोडणं ही पूर्णपणे योग्य खेळी आहे. सिल्व्हर मात्र पैशांवर चालणाऱ्या गठ्ठ्यात बराच काळ फायद्याचा राहतो, कारण २ हे १.६ च्या वर आहे.

पण नाण्यांची सरासरी प्रत्येक पत्त्याला लागू होत नाही, आणि इथे अनुभवी खेळाडूही घसरतात. काही पत्ते स्वतःची जागा स्वतःच भरून काढतात. मार्केट खेळलं की एक पत्ता ओढायचा, एक अॅक्शन परत मिळते, वर एक नाणं आणि एक जास्तीची खरेदी. हातातली जी जागा त्यानं घेतली ती त्यानं लगेच परत दिली. असे पत्ते गठ्ठा जाड करत नाहीत, मोजताना त्यांना धरूच नये. लॅबोरेटरी तर जागा परत देऊन एक पत्ता जास्तीचा देते. अशा पत्त्यांबाबत ‘गठ्ठा फुगेल’ ही भीती बाळगू नका.

याच्या उलट टोकाला आहेत ते अॅक्शन पत्ते जे पुढची अॅक्शन देत नाहीत. स्मिदी ४ नाण्यांना मिळते आणि ३ पत्ते ओढून देते. उत्तम पत्ता. एक स्मिदी आणि बाकी सिल्व्हर-गोल्ड, एवढ्यावरही चांगला खेळ होतो. पण पाळीला अॅक्शन एकच, म्हणून दोन स्मिदी एकाच हातात आल्या तर दुसरी निव्वळ मृत पत्ता असते. सुरुवातीला दोन्ही पाळ्यांना असे पत्ते घेतले, तर १२ पत्त्यांच्या गठ्ठ्यात तिसऱ्या किंवा चौथ्या पाळीला ते एकत्र येण्याची शक्यता ३० टक्के असते. आणि गठ्ठा बारीक झाला की ही टक्कर वाढते. १७ पत्त्यांत एखाद्या हातात दोन ठरावीक पत्ते एकत्र यायची शक्यता ७ टक्के, तर ९ पत्त्यांत २८ टक्के. म्हणून छाटणाऱ्यानं चॅपलच्या जोडीला असा आणखी एक पत्ता घेताना दोनदा विचार करावा. जास्तीच्या अॅक्शन देणारं व्हिलेज सोबत असेल तर गोष्ट बदलते, पण दुसरी स्मिदी आधी घेऊन ‘व्हिलेज नंतर बघू’ म्हणणं महागात पडतं.

तिसरी बाब वेळेची. घेतलेला पत्ता आधी टाकलेल्या ढिगात जातो आणि पुन्हा पिसल्याशिवाय हातात येत नाही. समजा १७ पत्ते आहेत, आत्ताच पिसून पहिले ५ ओढलेत. ओढायच्या गठ्ठ्यात १२ उरले. पुढचे दोन हात त्यातून जातील, तिसऱ्या हाताला दोन पत्ते उरतील आणि मग पिसणं होईल. म्हणजे आज घेतलेला गोल्ड लवकरात लवकर तिसऱ्या पाळीला दिसेल. प्रॉव्हिन्स तीन-चारच उरले असतील आणि खेळ आणखी चार पाळ्यांत संपेल असं वाटत असेल, तर तो गोल्ड फार तर एकदा वापरला जाईल, कदाचित एकदाही नाही. अशा वेळी ६ नाण्यांत गोल्ड सोडून ५ ची डची घ्यावी. तिचे ३ गुण लगेच पक्के होतात. हाच नियम उलटाही चालतो. ओढायच्या गठ्ठ्यात पाचपेक्षा कमी पत्ते उरले असतील, तर आत्ता घेतलेला पत्ता पुढच्या पाळीलाच पिसण्यात सामील होतो, म्हणून त्या खरेदीचं मोल जास्त. खरेदीआधी एकदा ओढायच्या गठ्ठ्याकडे नजर टाकण्याची सवय मला या खेळातली सर्वात उपयोगी सवय वाटते.

जाड गठ्ठा बरोबर ठरतो अशाही जागा आहेत. प्रत्येक खेळात बाजूला मांडलेले दहा प्रकारचे पत्ते वेगळे असतात, आणि त्यांत पत्ते बाद करणारा एकही नसेल तर छाटणीचा प्रश्नच येत नाही. मग सरासरी चढवायची ती सिल्व्हर-गोल्डनंच. गार्डन्स हा ४ नाण्यांचा पत्ता गठ्ठ्यातल्या दर १० पत्त्यांमागे १ गुण देतो. सोबत ४ नाण्यांपर्यंतचा पत्ता फुकट मिळवून देणारं वर्कशॉप असेल, तर ४० पत्त्यांचा गठ्ठा करून प्रत्येक गार्डन्स ४ गुणांची करता येते. तिथे कॉपरसुद्धा आनंदानं घ्यावा, कारण प्रॉव्हिन्स घ्यायचेच नसतात. असा खेळाडू तीन ढीग संपवून खेळ लवकर आटोपतो, कारण कोणतेही तीन ढीग रिकामे झाले तरी खेळ संपतो. समोरचा छाटणारा तेव्हा आपला सुंदर गठ्ठा तयार करतच बसलेला असतो. समोरचा भराभर ढीग उपसतोय असं दिसलं, तर छाटणी आवरती घेऊन गुण घ्यायला लागायचं.

छाटणी अतिरेकालाही जाते. चॅपल हातात आला की चार पत्ते बाद करायचेच, या आवेशात लोक शेवटचे कॉपरही लवकर घालवतात आणि मग ३ नाणीही जमत नाहीत. सिल्व्हर परवडत नाही आणि बाद करायलाही काही उरत नाही. वरच्या उदाहरणात छाटणाऱ्यानं पाचव्या पाळीला एक कॉपर हातात ठेवला तो याचसाठी, सिल्व्हरपुरती ३ नाणी हवी होती म्हणून. इस्टेट मिळेल तेव्हा घालवावी, कॉपर मात्र त्या पाळीची खरेदी सांभाळून. सलग दोन हातांत ३ पेक्षा कमी नाणी आली, तर छाटणी घाईनं झाली असं समजावं आणि पुढच्या वेळी चॅपल हातात आला तरी तो न खेळता नाणी वापरावीत.

‘स्टार रेल्म्स’सारख्या खेळांत हाच हिशेब थोडा वेगळा दिसतो. तिथेही १० पत्त्यांनी सुरुवात होते, ८ स्काउट आणि २ वायपर, आणि हातात ५ पत्ते. पण विक्रीच्या रांगेत एका वेळी पाचच पत्ते उघडे असतात, आणि तुम्ही सोडलेला पत्ता समोरचा घेऊ शकतो. त्यामुळे ‘त्याला मिळू नये’ म्हणून घेण्याचा मोह होतो. असा पत्ता घेताना दोन बाजू मोजाव्यात: तो समोरच्याच्या हातात तुम्हाला किती त्रास देईल, आणि तुमच्या गठ्ठ्यात तो दर फेरीला कोणत्या चांगल्या पत्त्याची जागा अडवेल. समोरच्याच्या गठ्ठ्यात त्याच रंगाचे पत्ते आधीच जमलेले असतील तर तो अडवणं योग्य ठरतं, कारण एका रंगाचे पत्ते तिथे एकमेकांची ताकद वाढवतात. त्याच्याकडे त्या रंगाचं काहीच नसेल, तर तो पत्ता त्याला घेऊ द्यावा.